सुशी जगभर पोचली कशी: संस्कृतीच्या प्रवासाच्या तीन वाटा

सन 1800 च्या जपानमध्ये जाऊन कुणी आजच्यासारखी सुशी मागितली असती, तर त्याच्या हाती काहीच लागलं नसतं. व्हिनेगर लावलेल्या भाताचा छोटा मुटका आणि त्यावर माशाचा काप, म्हणजे ज्याला निगिरी म्हणतात, तो पदार्थ तेव्हा जन्मलाच नव्हता. होती ती प्रांतोप्रांतीची निरनिराळी सुशी. बिवा सरोवराच्या काठचे लोक गोड्या पाण्यातला मासा मीठ आणि भात यांत महिनोन्महिने आंबवत. मासा खायचा आणि आंबून लगदा झालेला भात बहुतेक टाकून द्यायचा, अशी ती पद्धत होती. ओसाकात लाकडी साच्यात भात आणि मासा दाबून त्याच्या वड्या पाडत. या सगळ्यांना सुशीच म्हणत. आज मात्र 'जपानी सुशी' म्हटलं की जे चित्र डोळ्यांपुढे येतं, ते एका शहराच्या रस्त्यावरच्या खाण्याचं आहे. ते शहर म्हणजे एदो, आजचं तोक्यो.

एका शहराचा खाऊ आधी अख्ख्या देशाचा आणि मग जगाचा कसा होतो, याचं उत्तर भूगोलात 'सांस्कृतिक प्रसार' या नावाखाली शिकवतात. प्रसाराचे तीन प्रकार सांगितले जातात. व्याख्या पाठ करायला सोप्या आहेत, पण खऱ्या जगात लावायला गेलं की त्या एकमेकींत गुंततात. म्हणून आधी त्या थोडक्यात पाहू आणि मग सुशीचा माग काढू.

पहिला प्रकार विस्ताराचा. एखादी सवय मूळ जागी टिकून राहते आणि तिथून शेजाऱ्याला, शेजाऱ्याच्या शेजाऱ्याला लागत जाते. इथे माणसं आपल्या जागीच असतात, सरकते ती सवय. दुसरा प्रकार स्थलांतराचा. माणसंच बिऱ्हाड उचलून दूर जातात आणि सवय त्यांच्यासोबत जाते. मधला सगळा मुलूख कोरा राहतो. तिसरा प्रकार उतरंडीचा. गोष्ट मोठ्या शहरातून दुसऱ्या मोठ्या शहरात उडी मारते, किंवा सत्ता, पैसा, प्रतिष्ठा असलेल्यांकडून खालच्यांकडे झिरपते. वाटेतली छोटी गावं तिला दिसतच नाहीत, त्यांचा नंबर नंतर लागतो. पाठ्यपुस्तकं उतरंडीला विस्ताराचाच पोटप्रकार मानतात, कारण दोन्हींत मूळ ठिकाणची सवय शाबूत राहते. ते बरोबरही आहे. पण नकाशावर दोन्हींचे ठसे इतके वेगळे उमटतात, की समजून घेताना त्यांना वेगळं ठेवलेलंच बरं.

नकाशाचा उल्लेख उगाच केला नाही. या अभ्यासाला शिस्त लावली ती टोर्स्टन हेगरस्ट्रांड या स्वीडिश भूगोलतज्ज्ञाने. 1953 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात त्याने दक्षिण स्वीडनमधल्या शेतकऱ्यांनी नव्या गोष्टी कधी स्वीकारल्या, हे वर्षावार नकाशांवर ठिपके मांडून दाखवलं. आधी कोण, मग कोण, त्यांच्यात अंतर किती, एवढंच तो पाहत होता. पण या साध्या पाहण्यातून दिसलं, की आधीच स्वीकारलेल्याच्या आसपासचा माणूस ती गोष्ट लवकर उचलतो. जागा आणि तारीख, ही दोनच माहितीची टोकं हातात असली तरी प्रसाराबद्दल बरंच बोलता येतं. सुशीच्या बाबतीत सुदैवाने दोन्ही बऱ्यापैकी सापडतात.

एदोच्या गल्ल्यांत

निगिरीचा जनक म्हणून हानाया योहेई (1799–1858) याचं नाव घेतलं जातं. 1820 च्या दशकात एदोच्या र्‍योगोकु भागात तो सुशी विकायचा. ही कल्पना एकट्या त्याचीच होती का, याबद्दल वाद घालता येईल, पण जागा आणि काळ यांबद्दल फारसा वाद नाही. आंबवण्याची वाट न पाहता भाताला थेट व्हिनेगर लावायचं तंत्र आधीपासून होतंच. नवं होतं ते साच्यात दाबण्याचा वेळही वाचवून हातातल्या हातात मुटका वळून गिऱ्हाइकापुढे ठेवणं.

एदोची वस्ती तेव्हा दहा लाखांच्या घरात होती. त्यात बांधकाम करणारे कारागीर, एकटे राहणारे मजूर, जहागीरदारांच्या पदरी असलेले शिपाई, अशा घाईतल्या आणि बायकापोरांशिवाय राहणाऱ्या पुरुषांचा भरणा मोठा होता. उभ्या उभ्या दोन-चार मुटके तोंडात टाकून कामाला पळता येणं ही त्यांची गरज होती. मुटकेही आजच्या दुप्पट-तिप्पट आकाराचे असत. एका गाडीवाल्याचा धंदा चालला की पुढच्या चौकात दुसरा उभा राही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच्या एका नोंदीत एदोच्या दर मोहल्ल्यात सुशीची एक-दोन दुकानं असल्याचं लिहिलेलं आहे. नळाला नळ जोडत पाणी पुढे न्यावं, तशी ही सवय गल्लीमागून गल्ली पुढे गेली. विस्ताराने होणाऱ्या प्रसाराचं हे स्वच्छ उदाहरण आहे. पाहणं, चव घेणं, नक्कल करणं, एवढंच त्याला लागतं.

पण मग ती एदोच्या वेशीवर का अडकली? पुढची जवळजवळ शंभर वर्षं निगिरी मुख्यतः त्याच शहराची राहिली. मोठं कारण मासा. एदोसमोरच्या खाडीतून सकाळी आलेला मासा दुपारपर्यंत संपवायचा, हा तिचा हिशेब होता. बर्फ नव्हता, म्हणून मासा सोया सॉसमध्ये मुरवत, व्हिनेगरमध्ये बुडवत किंवा उकडून घेत. एवढं करूनही तो फार लांब जाऊ शकत नव्हता. दुसरं कारण म्हणजे बाहेरच्या प्रांतांत जागा मोकळी नव्हती. ओसाकाच्या माणसाकडे त्याची स्वतःची दाबलेली सुशी होती आणि त्याला तिचा अभिमानही होता. शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाणारी सवय अशा दोन अडथळ्यांपुढे थांबते. एक निसर्गाचा, दुसरा आधीच रुजलेल्या आवडीचा.

भूकंप आणि एक वटहुकूम

1 सप्टेंबर 1923 रोजी कांतो प्रदेशात महाभूकंप झाला. तोक्यो आणि योकोहामा जळून खाक झाले आणि एक लाखाहून अधिक माणसं मेली. सुशीच्या दुकानांत आणि गाड्यांवर काम करणारे अनेक कारागीर मुळात बाहेरगावाहून शिकायला आलेले होते. शहरात राहायला घर नाही, विकायला मासा नाही आणि खाणारं गिऱ्हाईकही नाही, म्हणून ते आपापल्या गावी परतले. हातात कसब होतं, तेच त्यांनी तिथे लावलं. देशाच्या वेगवेगळ्या भागांत निगिरीची दुकानं निघाली ती अशी.

हा शुद्ध स्थलांतराचा नमुना आहे. यात पसरवण्याची इच्छा कुणाचीच नव्हती. तोक्योपासून जवळचं गाव आधी आणि लांबचं नंतर, असा क्रमही यात सापडायचा नाही, कारण क्रम ठरला तो कोणता कारागीर कुठला होता यावर. नकाशावर ठिपके विखुरलेले दिसतील आणि त्यांना जोडणारी रेघ सापडणार नाही. स्थलांतराचा प्रसार ओळखायची ही पहिली खूण.

तरीही देशभरातली जुनी सुशी या कारागिरांमुळे मागे पडली नाही. त्यासाठी आणखी चोवीस वर्षांनी एक सरकारी निर्णय यावा लागला आणि माझ्या मते सुशीच्या सगळ्या प्रवासातला सर्वांत बोलका टप्पा तोच आहे.

दुसऱ्या महायुद्धात जपान हरला, देशात अमेरिकी सैन्याचा अंमल आला आणि धान्याची इतकी टंचाई झाली की तांदळावर कडक रेशन होतं. 1947 च्या जुलैमध्ये सरकारने तातडीचा उपाय म्हणून जेवण विकणारी दुकानं बंद ठेवण्याचा हुकूम काढला. सुशीवाल्यांपुढे धंदा मोडायची वेळ आली. तेव्हा तोक्योच्या सुशी व्यावसायिकांच्या संघाने एक नामी तोड काढली. आम्ही जेवण विकतच नाही, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाइकाने स्वतःच्या रेशनचा तांदूळ आणायचा, आम्ही तो फक्त वळून देणार आणि मजुरी घेणार. म्हणजे दळण आणून द्यावं आणि पीठ घेऊन जावं, तसाच हा व्यवहार. प्रमाणही ठरलं. एक गो, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम तांदूळ द्यायचा आणि त्याबदल्यात सुशीचे दहा नग न्यायचे.

अधिकाऱ्यांनी हे मान्य केलं. मग इतर प्रांतांनीही तोक्योचाच नियम जवळपास जशाच्या तसा उचलला. इथेच खरी मेख होती. नियम तोक्योच्या लोकांनी तोक्योच्या सुशीवरून बनवलेला, त्यामुळे मंजुरी होती ती हाताने वळलेल्या निगिरीला. ज्या ओसाकात साच्यात दाबलेली सुशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती, तिथल्या दुकानदाराला कायदेशीर धंदा करायचा तर निगिरी वळायला शिकणं भाग पडलं. पुढे निर्बंध उठले, पण तोवर दुकानांचं आणि गिऱ्हाइकांचं वळण बदललेलं होतं. आजही सुशीच्या एका ताटाचा माप म्हणून दहा नगांच्या आसपासचा आकडा जपानमध्ये रूढ आहे, त्याचं मूळ बरेच जण या नियमात शोधतात.

शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नकलेने शंभर वर्षांत जे झालं नाही, ते राजधानीच्या एका कागदाने थोडक्या काळात केलं. उतरंडीचा प्रसार म्हणजे केवळ श्रीमंतांची फॅशन गरिबांनी उचलणं, असा समज असतो. इथे पाहिलं तर श्रीमंती कुठेच नाही, उलट उपासमार आहे. उतरंड आहे ती सत्तेची, राजधानीपासून प्रांतापर्यंतची. आणि दुकानदाराने ती सवय आवडीने घेतली की नाइलाजाने, हा प्रश्न तारखांच्या नकाशाला विचारून उपयोग नाही, त्यासाठी कायदा वाचावा लागतो.

समुद्रापलीकडे

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जपानी माणसं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जाऊ लागली होती. लॉस एंजेलिसच्या लिटल टोक्यो या वस्तीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सुशी मिळत होती. पण ती खाणारे आणि करणारे, दोघेही जपानी. वस्तीची सीमा ओलांडून चार चौक पलीकडच्या गोऱ्या माणसाच्या ताटात ती गेली नाही. वंशद्वेष हे त्याचं एक मोठं कारण होतं. 1942 मध्ये तर अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे 1,20,000 लोकांना छावण्यांत डांबलं, त्यांत बहुसंख्य अमेरिकेचे नागरिकच होते. अशा समाजाच्या कच्च्या माशाची चव कोण घेणार?

हे चित्र पालटलं 1960 च्या दशकात. लॉस एंजेलिसमध्ये जपानी खाद्यपदार्थांची आयात करणारा कानाई नोरितोशी हा व्यापारी अमेरिकेत खपेल अशा मालाच्या शोधात होता. हॅरी वोल्फ नावाच्या अमेरिकी सहकाऱ्याला त्याने तोक्योत सुशी खाऊ घातली आणि वोल्फला ती भलतीच आवडली. कानाईने ताडलं, की विकायचं तर हेच. त्याच्या खटपटीतून दशकाच्या मध्यात लिटल टोक्योमधल्या कावाफुकु या रेस्टॉरंटात सुशीचा वेगळा काउंटर आला. गिऱ्हाइकाने समोर बसायचं आणि कारागिराने त्याच्या डोळ्यांदेखत वळून द्यायचं, ही मांडणी तिथे नवी होती. त्या काळात जपानी कंपन्या अमेरिकेत कार्यालयं उघडत होत्या. त्यांचे अधिकारी या काउंटरवर येत आणि येताना धंद्यातल्या अमेरिकी ओळखीच्यांनाही घेऊन येत. वस्तीची भिंत ओलांडली गेली ती या जेवणांमधून.

पुढची उडी कुठे पडली ते पाहण्यासारखं आहे. 1970 च्या सुमारास लिटल टोक्योबाहेरचं एक सुरुवातीचं सुशी रेस्टॉरंट, ओशो, सेंच्युरी सिटी भागात ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या चित्रपट कंपनीच्या स्टुडिओजवळ उघडलं. युल ब्रिनरसारखा नट तिथे नेहमी येई. अंतराने पाहिलं तर लिटल टोक्यो आणि सेंच्युरी सिटी यांच्यामध्ये शहराचे किती तरी मोहल्ले लागतात. सुशीने ते ओलांडले आणि ती थेट नटांच्या टेबलावर गेली. तिथून ती न्यूयॉर्कला गेली. मधल्या हजारो गावांना तिचा पत्ताही नव्हता. न्यूयॉर्कमधल्या हात्सुहाना या सुशी रेस्टॉरंटला 1983 साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने चार तारे दिले. हा त्या वृत्तपत्राचा सर्वोच्च दर्जा होता आणि तोवर तो प्रामुख्याने फ्रेंच जेवणाच्या वाट्याला येई. आता सुशी खाणं हे शहाणपणाचं आणि ऐपतीचं लक्षण झालं. त्याच सुमारास अमेरिकेत चरबी कमी खा, मासे खा, असा आरोग्याचा सल्लाही जोरात होता. 1977 मधल्या सिनेटच्या एका समितीच्या आहारविषयक अहवालाने त्याला बळ दिलं होतं.

मोठ्या शहरांतून मध्यम शहरांत आणि तिथून सुपरमार्केटच्या शीतकपाटात सुशी उतरली ती त्यानंतर. आता मुटके वळणारे हात बरेचदा चिनी किंवा कोरियन स्थलांतरितांचे होते. म्हणजे जपानी माणूस नसलेल्या गावातही सुशी पोचत होती, पण ती नेणारी माणसं स्थलांतरितच होती. हे कोणत्या प्रकारात बसवायचं? पदार्थाच्या बाजूने उतरंड, माणसांच्या बाजूने स्थलांतर, आणि एका गावातल्या दुकानाचं पाहून शेजारच्या गावात दुसरं निघालं की विस्तार. तिन्ही एकाच वेळी. परीक्षेत एकाच प्रकारावर खूण करायला सांगतात, तेव्हा माझी अडचण होते ती इथे.

या प्रवासात पदार्थही बदलला. कॅलिफोर्निया रोल ही गुंडाळलेली सुशी कुणी शोधली यावर लॉस एंजेलिस आणि व्हँकुव्हर अशा दोन शहरांतल्या कारागिरांचे दावे आहेत. पण त्यात काय झालं ते स्पष्ट आहे. चरबीदार ट्यूनाची जागा तितक्याच मऊ अव्होकॅडोने घेतली, सोबत खेकडा आला आणि काळा समुद्रशेवाळाचा कागद खाणाऱ्याला खटकू नये म्हणून तो आत लपवून भात बाहेर आणला. मूळ वस्तू तशीच न घेता तिच्यातली कल्पना घेऊन स्थानिक मालातून नवं काही घडवणं, याला उद्दीपनातून होणारा प्रसार म्हणतात. अनोळखी चवीच्या भिंतीला पडलेलं हे दार होतं. कॅलिफोर्निया रोल खाऊन सरावलेला माणूस पुढे कच्च्या माशापर्यंत जाई.

भिंती फक्त चवीच्याच नव्हत्या. कच्च्या माशात परजीवी कृमी असू शकतात. म्हणून अमेरिकी अन्नसुरक्षा नियमांत कच्चा द्यायचा मासा आधी गोठवायला सांगितला आहे, उदाहरणार्थ उणे 20 अंश सेल्सिअसला सात दिवस. ट्यूनाच्या काही जाती आणि ठरावीक खाद्यावर वाढवलेले शेतीतले मासे यांना त्यातून सूट आहे. गोठवणाऱ्या यंत्रणेपासून रेस्टॉरंटपर्यंतची साखळी जिथे नाही, तिथे सुशीची कीर्ती पोचली तरी सुशी पोचत नाही. एदोच्या वेशीवर जो अडथळा होता, तोच हा, फक्त आता विमान आणि शीतगृह यांनी तो बराच दूर ढकलला होता.

ब्राझील: शेजारी असूनही

स्थलांतर झालं की सवय आपोआप आसपास पसरते, हा समज ब्राझीलकडे पाहून सोडावा लागतो. 1908 साली कासातो मारू हे जहाज जवळपास 800 जपानी माणसांना घेऊन सांतोस बंदराला लागलं. साओ पाउलो प्रांतातल्या कॉफीच्या मळ्यांवर त्यांना कामाला आणलं होतं. पुढच्या दशकांत आणखी लोक आले आणि जपानबाहेरचा जपानी वंशाचा सर्वांत मोठा समाज ब्राझीलमध्ये तयार झाला. साओ पाउलोच्या लिबेर्दादे भागात त्यांची दाट वस्ती झाली. म्हणजे प्रसाराला हवं असलेलं सगळं होतं. माणसं होती, कसब होतं, सात दशकांचा शेजार होता.

तरी सुशी बहुतांशी जपानी घरांत आणि त्यांच्या वस्तीतल्या दुकानांतच राहिली. शेतमजुरांचं जेवण, तेही कच्च्या माशाचं, इतरांना खावंसं वाटलं नाही. साओ पाउलोच्या मध्यमवर्गाने सुशी उचलली ती 1980 च्या दशकात, म्हणजे न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमध्ये तिचा बोलबाला झाल्यावर. पलीकडच्या गल्लीतली सुशी दिसायला लागली, कारण ती वरच्या पायरीवरच्या परदेशी शहरात मानाची ठरली होती. त्यानंतर मात्र तिने तिथे चांगलंच मूळ धरलं. क्रीम चीज घालून तळलेले रोल आणि शंकूसारख्या गुंडाळीची खास दुकानं, हे ब्राझीलचं स्वतःचं पीक आहे.

ब्राझील आणि अमेरिका शेजारी शेजारी ठेवले की एक गोष्ट कळते. स्थलांतराने सवयीचं बीज लांब जाऊन पडतं, पण ते वस्तीबाहेर उगवायचं की नाही, हे बहुतेक वेळा त्या समाजाला आजूबाजूचे कोणत्या नजरेने पाहतात यावर ठरतं. आधी उतरंडीने मान द्यावा लागतो, मग शेजारी चव घेतात. सगळीकडे असंच होतं असं म्हणवत नाही, पण सुशीच्या बाबतीत दोन खंडांवर असंच झालं.

माग काढताना कुठे फसायला होतं

तुम्हाला एखाद्या पदार्थाचा, सणाचा किंवा भाषेचा माग काढायचा असेल, तर एक कोष्टक करा. प्रत्येक ठिकाणासमोर ती गोष्ट पहिल्यांदा कधी दिसली ते वर्ष, मूळ जागेपासूनचं अंतर, लोकसंख्या आणि तिथे मूळच्या लोकांची वस्ती होती का, एवढं लिहा. वर्ष अंतरासोबत वाढत गेलं तर विस्तार. लोकसंख्या घटते तसं वर्ष पुढे सरकलं तर उतरंड. अंतर आणि लोकसंख्या दोन्हींचा संबंध लागत नाही, पण वस्तीचा लागतो, तर स्थलांतर.

फसायला होतं ते असं. मोठ्या शहरात सगळंच आधी सापडतं, कारण तिथे सगळंच जास्त असतं. दहा लाखांच्या शहरात दहा हजारांच्या गावाआधी एखादं सुशीचं दुकान निघालं, हा केवळ संख्येचा परिणाम असू शकतो. म्हणून पहिल्या दुकानाचं वर्ष पाहण्यापेक्षा दर लाख लोकांमागे दुकानं कधी अमुक संख्येला पोचली, हे पाहणं जास्त भरवशाचं. शिवाय वृत्तपत्रं आणि मार्गदर्शिका मोठ्या शहरांबद्दलच लिहितात. लिटल टोक्योतलं 1910 मधलं एखादं बिनपाटीचं दुकान नोंदीत नसतं आणि मग प्रवास सेंच्युरी सिटीतून सुरू झाला असं वाटायला लागतं. स्थलांतरितांचं श्रेय असंच गळतं, नोंद ठेवणाऱ्याच्या नजरेत ते आलेलंच नसतं.

तिसरा फसवा भाग म्हणजे दिशा. वरून खाली, मुळापासून बाहेर, असाच प्रवास आपण गृहीत धरतो. सुशीवरच्या सामन माशाची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. जपानमध्ये पॅसिफिक सामन भाजून किंवा खारवून खात. कच्चा खात नसत, कारण त्यात परजीवी असत. नॉर्वेत शेतीतला सामन अमाप पिकत होता आणि त्यात तो धोका नव्हता. 1985 मध्ये नॉर्वेचे मत्स्यव्यवसाय मंत्री थोर लिस्ताउ शिष्टमंडळ घेऊन जपानला गेले आणि नॉर्वेच्या माशांची विक्री वाढवण्याची सरकारी मोहीम सुरू झाली. सामन सुशीवर जावा असं मोहिमेतल्या लोकांना वाटत होतं, कारण कच्च्या माशाला भाव चांगला मिळतो. जपानी खरेदीदार वर्षानुवर्षं नकार देत राहिले. अखेर 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत माशाचे ढीग पडून असताना निचिरेई या कंपनीशी 5,000 टनांचा सौदा ठरला. माल स्वस्तात देतो, पण विकायचा तो सुशीसाठीच, अशी नॉर्वेची अट होती.

मानाच्या जुन्या दुकानांनी तरीही दार उघडलं नाही. सामन आत शिरला तो फिरत्या पट्ट्याच्या स्वस्त दुकानांतून. ओसाकाजवळ 1958 मध्ये शिराइशी योशिआकी याने बिअरच्या कारखान्यातला सरकता पट्टा पाहून ती पद्धत काढली होती. 1970 च्या ओसाका जागतिक प्रदर्शनानंतर ती देशभर माहीत झाली. अशा दुकानात कुटुंबं येत, पोरं पट्ट्यावरून आवडेल ती बशी उचलत, आणि नारिंगी, गोडसर, बिनकाट्याचा सामन पोरांना आवडला. एका मोठ्या जपानी मत्स्य कंपनीच्या वार्षिक पाहणीत 2012 पासून दहाहून अधिक वर्षं सलग या दुकानांतला सर्वाधिक खाल्ला जाणारा प्रकार म्हणून सामनच पहिला आला आहे. पोरांकडून थोरांकडे, स्वस्त दुकानातून महाग दुकानाकडे, परदेशातून मूळ भूमीकडे. याला उलट्या उतरंडीचा प्रसार म्हणतात.

बाहेर पसरलेल्या गोष्टीवर मूळ जागेने हुकूम चालवणं किती अवघड असतं, हे जपान सरकारलाही लवकरच कळलं. 2006 मध्ये त्यांच्या कृषी मंत्रालयाने परदेशातल्या जपानी रेस्टॉरंटांना अस्सलपणाचं प्रमाणपत्र द्यायची योजना मांडली. अमेरिकी वृत्तपत्रांनी तिला 'सुशी पोलीस' म्हणून इतकं हिणवलं की ती सौम्य करावी लागली. त्या वर्षी परदेशात जपानी रेस्टॉरंटं सुमारे 24,000 असल्याचा मंत्रालयाचा अंदाज होता. 2023 मध्ये त्याच मंत्रालयाने मोजली तेव्हा ती सुमारे 1,87,000 भरली.